साहेबांकडून जीडी अँड टीचा पेड कोर्स मंजूर करून घ्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कोणासाठी लिहिलंय?

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, अॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, हाउसिंग वगैरे, कास्टिंग बाहेरून येतं आणि मशीनिंग आमच्याकडे व्हीएमसीवर होतं. दोन वर्षांपूर्वी मला जीडी अँड टीचा, म्हणजे ड्रॉइंगवरची टॉलरन्सची चिन्हं वाचण्या-मोजण्याचा, दोन दिवसांचा कोर्स करायचा होता. फी १२ हजार. पहिल्यांदा विचारलं तर साहेब म्हणाले बघू, आणि "बघू" चा अर्थ सगळ्यांना माहितीये. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तीन दिवसांत सही झाली. मधल्या काळात काय बदललं तेच खाली आहे. ज्युनियर पोरं सारखी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. तुमचा कोर्स दुसरा असेल, समजा एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची तपासणी, किंवा सीएमएम म्हणजे पार्ट मोजायच्या मशीनचं प्रोग्रामिंग, तरी चालेल, पण उदाहरण मी माझंच देणार कारण तेच मला पक्कं माहितीये.

पहिल्यांदा नकार का मिळाला?

कारण मी मेलमध्ये लिहिलं होतं की या कोर्समुळे माझं नॉलेज वाढेल, ड्रॉइंग रीडिंग सुधारेल, कंपनीला फायदा होईल. आता साहेबांच्या जागी बसून बघा, हा मेल ते प्लांट हेडला पुढे पाठवणार कसा? त्यात पुढे पाठवण्यासारखं काहीच नाही. आमच्याकडे क्वालिटी मॅनेजरला स्वतःच्या सहीने ट्रेनिंगवर खर्च करता येत नाही, वर प्लांट हेड आणि बाजूला एचआर, दोघांना काहीतरी दाखवावं लागतं. म्हणजे साहेबांना पटवणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं म्हणजे साहेबांच्या हातात असा कागद देणं की तो त्यांना न बदलता वर सरकवता येईल.

मग विचारायच्या आधी काय तयारी केली?

रेड बिन, म्हणजे रिजेक्ट पीसचा डबा, उघडला. खरंच एवढंच.

आमच्या एका ब्रॅकेटवर चार भोकं आहेत, व्यास १०.० ते १०.२, आणि ड्रॉइंगवर पोझिशन टॉलरन्स व्यास ०.२, म्हणजे भोकाचं केंद्र ठरलेल्या जागेभोवती ०.२ व्यासाच्या वर्तुळात पाहिजे, त्याच्यापुढे गोलातलं एम, म्हणजे एमएमसी, भोक सर्वात लहान असतानाची अवस्था. आमची इन्स्पेक्शन शीट मात्र जुनी, त्यात लिहिलेलं की एक्स आणि वाय दोन्हीकडे अधिक-उणे ०.०७ च्या आत पाहिजे. हा ०.०७ कुठून आला ते मला आधी कळेना. तर व्यास ०.२ चं वर्तुळ काढायचं आणि त्याच्या आत बसेल असा चौकोन काढायचा, त्या चौकोनाची अर्धी बाजू ०.०७ येते. पूर्वी आमच्याकडे सीएमएम नव्हतं, सरफेस प्लेट आणि हाइट गेजवर एक्स वेगळा वाय वेगळा मोजायचे, तेव्हा हा चौकोन धरणं सोयीचं आणि सेफ होतं. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ आतल्या चौकोनापेक्षा ५७ टक्के जास्त असतं. म्हणजे चौकोनाबाहेर पण वर्तुळाच्या आत पडलेलं प्रत्येक भोक ड्रॉइंगप्रमाणे ओके, आणि आमच्या शीटप्रमाणे रिजेक्ट.

आणि वर ते एम. भोक १०.० पेक्षा जेवढं मोठं असेल तेवढी पोझिशनला जास्तीची सूट मिळते, त्याला बोनस टॉलरन्स म्हणतात. लॉजिक साधं आहे, भोक मोठं असेल तर थोडं सरकलं तरी बोल्ट जातोच. आमच्या शीटमध्ये बोनसचा पत्ताच नव्हता.

एक पीस घ्या. भोक १०.१२ भरलं, एक्समध्ये ०.०९ सरकलेलं, वायमध्ये ०.०५. शीट म्हणते रिजेक्ट, कारण ०.०९ हे ०.०७ च्या वर. आता पोझिशन काढू, एक्सेलमध्ये एवढंच टाकायचं:

```
=2*SQRT(0.09^2+0.05^2)
```

उत्तर ०.२०६. मिळालेली सूट किती? ०.२ अधिक बोनस ०.१२, म्हणजे ०.३२. पीस ओके आहे, तोही आरामात.

हे कळल्यावर मी सेकंड शिफ्टला थांबून, सीएमएम रिकामं होतं तेव्हा, पोझिशनसाठी रिजेक्ट झालेले ४० पीस परत मोजले. २६ ओके निघाले, ९ खरंच बाद, आणि ५ असे काठावर की मी काही बोलायच्या भानगडीत पडलो नाही. हे ४० पीस म्हणजे माझा पूर्ण पुरावा. त्यानंतर जे काही लिहिलं ते याच्यावरच उभं आहे.

आकडा कसा काढला? आम्हाला तर रुपयांचं काही माहितीच नसतं.

स्टोअर्स आणि फायनान्सवाल्यांकडे जाऊन चहा प्या. मला तीन गोष्टी हव्या होत्या. महिन्याला या ब्रॅकेटचे किती पीस पोझिशनसाठी बाद होतात, एक पीस बाद झाला की निव्वळ नुकसान किती, आणि बाद पीसचं पुढे नक्की काय होतं.

आकडे इथे गोल करून देतोय. महिन्याला १८ हजार पीस, त्यातले साधारण दीड टक्का पोझिशनसाठी बाद, म्हणजे २७०. कास्टिंग आणि मशीनिंग धरून पीसला २१० रुपये लागलेले असतात, भंगारात ६० परत येतात, म्हणजे १५० चं नुकसान. माझ्या ४० पैकी २६ ओके होते, म्हणजे ६५ टक्के. २७० चे ६५ टक्के १७५, गुणिले १५०, महिन्याला २६ हजार २५० रुपये.

हा आकडा मी साहेबांना दिला नाही. मी निम्मा दिला, १३ हजार. त्याला कारण होतं, नम्रपणा म्हणून नाही. एक तर ४० पीस म्हणजे फार नाहीत, आणि ते एकाच आठवड्याचे, एकाच फिक्स्चरवरचे होते. दुसरं म्हणजे बोनस काढताना मी सीएमएमने दिलेला सरासरी व्यास वापरला होता, तो तसा वापरता येतो का याची मला खात्री नव्हती. नंतर कळलं की नाही येत, त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. बाद पीस खरंच भंगारात जातात का? काही कंपन्यांत महिनाअखेरीला कस्टमरकडून डेव्हिएशन, म्हणजे तेवढ्यापुरती परवानगी, घेऊन तेच पीस पाठवून देतात. तुमच्याकडे तसं असेल तर १५० रुपये वाचले असं म्हणूच नका, फायनान्सवाला एका वाक्यात उडवेल. मग वाचतो तो फक्त सॉर्टिंगचा वेळ आणि डेव्हिएशनची कटकट, ते तसंच प्रामाणिकपणे लिहा.

खर्चात काय काय धरायचं?

फी १२ हजार. त्यावर जीएसटी १८ टक्के, २ हजार १६०. बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी नंबरवर घेतलं तर हा टॅक्स कंपनीला क्रेडिटमध्ये परत मिळवता येतो, त्यामुळे रजिस्ट्रेशन करताना स्वतःचं नाव आणि स्वतःचं यूपीआय वापरून मोकळे होऊ नका, बिल तुमच्या नावावर आलं की अकाउंट्स डोकं धरतं आणि रीइम्बर्समेंट तीन महिने लटकतं. दोन दिवसांचा पगार धरा, कारण तेवढा वेळ तुम्ही लाईनवर नसणार, माझा साधारण ३ हजार. जाणं-येणं आणि किरकोळ १ हजार. जीएसटी सोडून १६ हजार झाले.

पगाराचे ३ हजार कोणी मागत नाही, पण स्वतःहून लिहिले की समोरच्याला कळतं की या माणसाने खर्च लपवलेला नाही.

आधी मेल टाकायचा की आधी बोलायचं?

आधी बोला. आणि इथे एक नाजूक गोष्ट आहे, जी मला आमच्या एका सीनियरने सांगितली नसती तर मी तोंडावर आपटलो असतो.

त्या जुन्या इन्स्पेक्शन शीटच्या खाली "अप्रूव्ह्ड बाय" मध्ये कोणाची सही होती? साहेबांचीच. सात वर्षांपूर्वीची. आता मी जर मेलमध्ये, तोही प्लांट हेडला कॉपी ठेवून, लिहिलं असतं की आपली शीट चुकीची आहे आणि दरमहा इतके हजार वाया जातायत, तर कोर्स राहिला बाजूला, पुढचं अप्रेझलसुद्धा गेलं असतं. आणि खरं बघितलं तर शीट चुकीची नव्हतीच. हाइट गेजच्या काळात ती बरोबर होती, तिने एकही खराब पीस पोझिशनसाठी पास केला नसता. फक्त सीएमएम आल्यावर ती बदलायची राहून गेली.

तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्ये एकटा गेलो, ४० पीसचं शीट घेऊन, आणि म्हणालो, "सर, ही पद्धत हाइट गेजसाठी सेफ होती, आता सीएमएम आहे तर आपल्याला ड्रॉइंगमधली पूर्ण सूट वापरता येईल असं वाटतंय, एकदा बघता का?" त्यांनी पाच मिनिटं बघितलं, मग स्वतःच म्हणाले की हे मी २०१७ ला घाईत केलं होतं रे. विषय तिथेच मोकळा झाला. मेल दुसऱ्या दिवशी टाकला.

त्या मेलमध्ये काय लिहिलं होतं? नमुना मिळेल का?

आमचे मेल इंग्रजीत असतात, इथे मराठीत देतो. मुद्दाम छोटा ठेवलाय, मोबाईलवर एका स्क्रीनमध्ये मावला पाहिजे.

> विषय: जीडी अँड टी ट्रेनिंगसाठी मंजुरी, २ दिवस, १२,००० रु. अधिक जीएसटी
>
> सर,
>
> काल बोलल्याप्रमाणे. ब्रॅकेटचे पोझिशनसाठी रिजेक्ट झालेले ४० पीस सीएमएमवर परत मोजले. ड्रॉइंगमधलं वर्तुळाकार टॉलरन्स आणि एमएमसी बोनस धरल्यास २६ पीस ओके दिसतात, ९ बाद, ५ काठावर. रिपोर्ट सोबत जोडला आहे.
>
> या कारणाने महिन्याला साधारण २७० पीस बाद होतात, पीसला निव्वळ नुकसान १५० रु. सॅम्पल लहान असल्याने बचत निम्मीच धरली आहे, महिन्याला अंदाजे १३,००० रु.
>
> शीट मी स्वतः बदलू इच्छित नाही. बोनस कसा मोजायचा, डेटम, म्हणजे मोजायचे संदर्भ, कसे पकडायचे यात चूक झाली तर खराब पीस पास होऊ शकतो. त्यासाठी ट्रेनिंग हवं आहे. आपल्या आणखी ६ ड्रॉइंगवर एमएमसी आहे.
>
> खर्च: फी १२,०००, माझे दोन दिवस ३,०००, प्रवास १,०००. जीएसटी क्रेडिट मिळेल.
>
> दोन दिवस फायनल इन्स्पेक्शन कोण बघणार ते शिफ्ट इन्चार्जशी बोलून ठरवलं आहे. परत आल्यावर ६ आठवड्यांत ब्रॅकेटच्या शीटचा सुधारित ड्राफ्ट आपल्या रिव्ह्यूला देईन आणि इन्स्पेक्टर्सना दोन तासांचं सेशन घेईन.
>
> सीट १८ तारखेपर्यंत बुक करावी लागेल. मंजुरी द्यावी ही विनंती.

बघा, यात "माझं करिअर" कुठेच नाही. करिअरला फायदा होणारच आहे, ते साहेबांनाही कळतं, पण त्यासाठी पैसे देणारा कॉलम कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. आणि तारीख लिहाच. तारीख नसलेला मेल इनबॉक्समध्ये लोणच्यासारखा मुरत राहतो.

"तुला तर सगळं कळलंयच, मग शीट बदल की, कोर्स कशाला?" असं म्हणाले तर?

हा सगळ्यात भारी प्रश्न आहे आणि चांगला मॅनेजर तो विचारणारच. मला प्लांट हेडनी विचारला.

माझं उत्तर होतं की मला अर्धं कळलंय, आणि अर्धं कळून शीट बदलणं हे न कळण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आत्ता आपण चांगले पीस फेकतोय, तो तोटा आपल्या घरातला आहे. उद्या मी चुकीचा बोनस धरून खराब पीस पास केला तर तो कस्टमरच्या लाईनवर अडकणार, मग सॉर्टिंगला आपली माणसं तिकडे पाठवा, तक्रारीचा एट-डी रिपोर्ट भरा, आणि दर महिन्याच्या स्कोअरकार्डला मार खा.

नंतर कोर्समध्ये नेमकं तेच निघालं. मी बोनस काढायला सीएमएमचा सरासरी व्यास वापरला होता. पण भोक जरा अंडाकृती असेल किंवा आतून वाकडं असेल तर त्यात मावणारी सर्वात मोठी पिन सरासरी व्यासाएवढी नसते, ती लहान असते, आणि बोनस त्या पिनच्या साइझवर मिळतो. म्हणजे १०.१२ वाचलेल्या भोकात पिन १०.०९ चीच मावत असेल तर बोनस ०.०९, ०.१२ नाही. माझ्या २६ पैकी ३ पीस यामुळे काठावर आले. निम्मी बचत धरली होती म्हणून मान ताठ राहिली.

याच्या उलट गोष्टसुद्धा सांगतो. आमच्याच दुसऱ्या एका पार्टच्या शीटवर कोणीतरी व्यास ०.२ चं सरळ अधिक-उणे ०.१ करून ठेवलं होतं. तो चौकोन वर्तुळाच्या बाहेर जातो. एक्समध्ये ०.०९ आणि वायमध्ये ०.०९ असलेला पीस तिथे पास होतो आणि पोझिशन येते ०.२५. त्या ड्रॉइंगवर एम नव्हतं, म्हणजे बोनसही नाही. हे मला कोर्सच्या आधी दिसलंच नव्हतं, कारण तिथे रिजेक्शन कमी होतं आणि कमी रिजेक्शनकडे कोण बघतो.

"यूट्यूबवर सगळं फुकट आहे" याला काय बोलायचं?

आहेच, आणि मी पण तिथूनच सुरुवात केली, ते कबूल करा. वर्तुळ-चौकोन, बोनस, हे सगळं फुकटात कळतं. पण व्हिडिओला तुमचं ड्रॉइंग दाखवून विचारता येत नाही की इथे डेटम बी हे भोक आहे आणि त्यालाही एम आहे, मग आता मी पार्ट सीएमएमवर कसा अलाइन करू. माझे खरे प्रश्न तेच होते. म्हणून संस्थेला आधीच फोन करून विचारलं की स्वतःची ड्रॉइंग आणली तर चालतील का, ट्रेनर बघेल का. हो म्हणाले, आणि ते मी साहेबांना सांगितलं. फक्त एक, कस्टमरचं ड्रॉइंग गोपनीय असतं, नाव आणि पार्ट नंबर झाकून नेता येईल का हे साहेबांना विचारून घ्या, नाहीतर ट्रेनिंगपेक्षा मोठं प्रकरण होईल.

कोर्स कुठला निवडायचा? सगळे सारखेच ना?

नाही. ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक बघा, तिथे कुठल्या स्टँडर्डने ड्रॉइंग केलंय ते लिहिलेलं असतं. अमेरिकन पद्धतीचं असेल तर एएसएमई वाय १४.५, त्याची २००९ आणि २०१८ अशा आवृत्त्या चालू असतात. जर्मन किंवा इतर युरोपियन कस्टमर असेल तर बहुतेक आयएसओ ११०१ आणि त्याच्या सोबतची स्टँडर्ड्स. चिन्हं बरीचशी तीच आहेत, पण अर्थ काही ठिकाणी वेगळा. एकच उदाहरण देतो. एएसएमईमध्ये पिनला साइझ टॉलरन्स दिलं की तिचा वाकडेपणाही त्यातच आपोआप बांधला जातो, सर्वात मोठ्या साइझची पिन एकदम सरळच पाहिजे. आयएसओमध्ये तसं आपोआप होत नाही, ड्रॉइंगवर गोलातलं ई लिहिलं असेल तरच होतं. म्हणजे चुकीचा कोर्स करून आलात तर तुम्ही आत्मविश्वासाने चुकीचं मोजणार.

पुण्यात एआरएआयची अकॅडमी आणि मराठा चेंबर असे दोन्हीकडे इंडस्ट्रीसाठी ट्रेनिंग प्रोग्राम होत असतात, तिकडे संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, शिवाय सीएमएम बनवणाऱ्या कंपन्या आणि खासगी ट्रेनर आहेतच. त्या वेळी काय चालू आहे आणि किती फी आहे ते फोन करूनच कळतं. निदान दोन ठिकाणचे कोटेशन घ्या, एचआर मागणारच. आणि कोर्सचा दिवसानुसार सिलॅबस मागून घ्या, ज्याच्याकडे तो नाही त्याला मी तरी सोडून देतो.

चार-पाच जणांना हवा असेल तर?

मग ट्रेनरला कंपनीत बोलवायचा पर्याय बघा. तिथे दर माणसी फी नसते, दिवसाचा दर असतो, त्यामुळे पाच-सहा जणांच्या पुढे बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं आणि गोपनीय ड्रॉइंगचा प्रश्नही सुटतो. अडचण एकच, आपल्याच प्लांटमध्ये बसल्यावर दर अर्ध्या तासाला कोणीतरी येतं, "जरा लाईनवर ये, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं जेवणापर्यंत चालतात. भोसरी-पिंपरीकडे ज्यांना गुरुवारी सुट्टी असते त्यांनी एक दिवस गुरुवारी ठेवला तर हे टळतं, पण मग कॉम्प-ऑफचं आधी लिहून घ्या.

कधी विचारायचं?

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नको, डिस्पॅचची मारामारी असते. सगळ्यात बरा काळ फेब्रुवारी-मार्च, जेव्हा एचआर ट्रेनिंग नीडचे फॉर्म फिरवतं आणि पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर बनतं. तो फॉर्म आपण सगळे "कम्युनिकेशन स्किल" लिहून परत करतो ना, तिथे कोर्सचं नाव लिहा. एकदा कॅलेंडरमध्ये आलं की बजेटचा प्रश्न निम्मा सुटतो.

दुसरी वेळ म्हणजे ऑडिटनंतर. ऑटो इंडस्ट्रीचं क्वालिटी स्टँडर्ड आयएटीएफ १६९४९ असलेल्या कंपनीत माणसाची कॉम्पिटन्स दाखवावी लागते आणि ट्रेनिंगचा परिणाम झाला की नाही हेही तपासावं लागतं. ऑडिटरने स्किल मॅट्रिक्स बघून एखादं निरीक्षण लिहिलं असेल तर तुमच्या अर्जाला आयतं कारण मिळालं. पण ऑडिटची भीती घालून मागू नका, साहेब तुमच्यापेक्षा जास्त ऑडिट बघून बसलेले असतात.

बजेट संपलंय म्हणाले तर?

विचारा की कुठलं बजेट. एचआरचं ट्रेनिंग बजेट संपलेलं असू शकतं पण डिपार्टमेंटचं किंवा रिजेक्शन कमी करण्याच्या प्रोजेक्टचं वेगळं असतं. आमच्याकडे शेवटी तसंच झालं, खर्च एचआरने नाही, कॉस्ट रिडक्शनच्या हेडखाली टाकला. खरंच कुठेच नसेल तर पुढच्या कॅलेंडरमध्ये नाव टाकतो असं मेलवर घ्या, तोंडी नको.

शिकून सोडून जाशील म्हणून बाँड मागितला तर?

१२ हजाराच्या कोर्सला बाँड मागणं जरा अतीच आहे, पण मागतात. मोठ्या फीच्या, परदेशी ट्रेनिंगच्या वेळी तर नक्की. बाँड म्हणजे नुसता कागद असतो, कोर्टात टिकत नाही, असं कॅन्टीनमध्ये ऐकलं असेल तर त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या एका केसमध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती आणि तिथली कारणं वेगळी होती, पण बाँड म्हटला की आपोआप बेकायदा असं नाही एवढं त्यातून स्पष्ट आहे.

सही करायच्या आधी तीन गोष्टी बघा. रक्कम खऱ्या खर्चाएवढीच आहे का, कालावधी कोर्सच्या मानाने ठीक आहे का, आणि रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते का. समजा १२ हजार आणि एक वर्ष, तर सहा महिन्यांनी सोडलं तर ६ हजारच द्यायचे असं लिहून घ्या. कंपनीनेच तुम्हाला काढलं तर काही द्यायचं नाही हेही. मी स्वतःहून साहेबांना म्हणालो होतो की वर्षाच्या आत गेलो तर उरलेल्या महिन्यांचे पैसे देतो, ते हसले आणि बाँडचा विषय निघालाच नाही.

नाहीच म्हणाले तर स्वतःच्या पैशाने करू का?

पगारदार माणसाला स्वतः भरलेल्या अशा फीची इन्कम टॅक्समध्ये वेगळी वजावट मिळत नाही आणि जीएसटीही अंगावर पडतो, म्हणजे १४ हजार १६० खिशातून गेले. करायचाच असेल तर करा, पण त्याआधी एक मधला मार्ग विचारून बघा, फी तुमची आणि दोन दिवस ऑन ड्युटी कंपनीचे. यावर बहुतेक साहेब नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले तर किमान कळतं की अडचण पैशाची नव्हती.

कधी विचारूच नये?

तुमच्या ड्रॉइंगवर सगळीकडे साधे अधिक-उणे असतील, एकही पोझिशन किंवा प्रोफाइल नसेल, तर हा कोर्स तुमच्या आजच्या कामाचा नाही. किंवा रेड बिन तपासला आणि ४० पैकी ३७ खरंच बाद निघाले, तर प्रॉब्लेम मोजण्यात नाही, फिक्स्चरमध्ये किंवा टूलमध्ये आहे, आणि तुमचा कोर्स करून एकही पीस वाचणार नाही. असं निघालं तर तेही साहेबांना सांगा. माझ्या एका मित्राला असंच निघालं, त्याने कोर्स मागायच्या ऐवजी फिक्स्चरच्या झिजलेल्या लोकेटिंग पिना बदलून घेतल्या.

मंजूर झाल्यावर, करून आल्यावर काय?

जे लिहून दिलंय ते करा, तेही तारखेच्या आत. मी सहा आठवडे म्हणालो होतो, मला नऊ लागले. कारण शीट बदलणं म्हणजे कंट्रोल प्लॅन बदलणं, आणि तपासणीची पद्धत बदलताना कस्टमरची परवानगी लागते का हे त्यांच्या रिक्वायरमेंटमध्ये बघावं लागतं. आमच्या कस्टमरला लागत होती. त्यांच्या क्वालिटीवाल्याने ४० नाही, १०० पीसचा डेटा मागितला, आणि एक फंक्शनल गेज करून दाखवा म्हणाला, म्हणजे एक प्लेट ज्याच्यावर चार पिना, पार्ट वरून बसला की पोझिशन ओके. आमच्या टॉलरन्सला पिन ९.८ ची येते, १०.० वजा ०.२. गेजला १८ हजार लागले, जे माझ्या मूळ मेलमध्ये नव्हते. पुढच्या वेळी कोणी असा मेल लिहिणार असेल तर गेजचा खर्च आधीच विचारून घ्या, मला त्यावरून ऐकावं लागलं.

शीट बदलल्यावर तीन महिन्यांत पोझिशनचं रिजेक्शन महिन्याला २७० वरून साधारण १५० वर आलं. म्हणजे १२० पीस, १८ हजार रुपये. १३ म्हणालो होतो, १८ झाले. २६ म्हणालो असतो तर हेच १८ कमी पडले असते.

ट्रेनिंगनंतर एचआरचा इफेक्टिव्हनेसचा फॉर्म येतो, त्यात साहेबांना काहीतरी लिहायचं असतं आणि ते सहसा "गुड" लिहितात. मी तो फॉर्म भरायला देताना हे दोन आकडे पेन्सिलने कोपऱ्यात लिहून दिले होते. पुढच्या वर्षी सीएमएम प्रोग्रामिंगसाठी दोन पोरांची नावं गेली तेव्हा साहेबांनी तोच फॉर्म जोडून वर पाठवला.

मेलला उत्तरच आलं नाही तर किती दिवसांनी आठवण करायची?

चार दिवसांनी, केबिनमध्ये जाऊन, सीट बुकिंगची तारीख सांगून. मेलवर मेल नको.